थंड वाऱ्यात मोटारसायकल चालवताना हेल्मेटखाली काय घालावे: लायनर, बालाक्लावा आणि नेक गेटर निवडण्याची पद्धत

नाशिक जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे मोटारसायकलवर निघणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला पोहोचणारे कामगार, रुग्णालयांतले कर्मचारी, बाजार समितीत लवकर पोहोचू पाहणारे शेतकरी हे सगळे उजाडण्यापूर्वीच रस्त्यावर असतात. निफाडच्या पट्ट्यात तर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पाच-सहा अंश आणि काही वर्षी त्याहूनही कमी तापमानाची नोंद होते, आणि द्राक्षाच्या घडांना थंडीचा फटका बसू नये म्हणून बागांमध्ये शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा थंडीत हेल्मेटखाली काहीतरी घातले पाहिजे हे प्रत्येकाला कळते, परंतु दुकानात गेल्यावर स्कल कॅप, लायनर, बालाक्लावा, नेक गेटर, फेस मास्क अशी नावे समोर येतात आणि हाताला जे सर्वांत जाड व उबदार लागेल ते उचलले जाते. माझ्या मते नवख्या माणसाची निवड नेमकी इथेच चुकते, म्हणून हा लेख क्रमाने लिहीत आहे.

संपूर्ण निवडीचा पाया एका वाक्यात सांगता येतो: हेल्मेटच्या आत पातळ कापड असावे, हेल्मेटच्या खाली वारा अडवणारे कापड असावे, आणि नाका-तोंडासमोर श्वास आरपार जाऊ देणारे कापड असावे. ही तीन कामे वेगवेगळी आहेत, आणि एकाच जाड वस्तूकडून ती करून घ्यायला गेले की कुठेतरी बिघडतेच.

जवळ काय ठेवावे

निवड करताना पुढील गोष्टी हाताशी असू द्या:

- तुमचे नेहमीचे हेल्मेट. ते घरी ठेवून खरेदीला जाऊ नका.
- शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी आणि एक साधी फूटपट्टी.
- चष्मा असल्यास चष्मा.
- थंडीत घालता ते जॅकेट, कारण गळ्याजवळची फट त्याच्या कॉलरवर ठरते.

१. प्रथम वारा कुठून लागतो ते शोधा

वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला किती थंडी जाणवते याचे एक सूत्र हवामानशास्त्रात वापरले जाते. त्या सूत्रानुसार तापमान ६ अंश असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा लागला, तर जाणवणारी थंडी साधारण अर्ध्या अंशाची असते, आणि ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात ती शून्याच्या किंचित खाली जाते. म्हणजे हवेचे तापमान ६ अंश असले तरी गाडीवरच्या उघड्या गालाला ते गोठणबिंदूजवळचे वाटते. या आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती फारशी कोणी लक्षात घेत नाही. वेग ६० वरून ४० वर आणल्याने जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. त्यामुळे हळू चालवून गारठा टळेल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. उघड्या त्वचेपर्यंत वारा पोहोचूच न देणे हाच उपाय आहे.

आता वारा नेमका कुठे पोहोचतो ते पाहा. तोंड पूर्ण झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये डोक्याच्या वरच्या भागाला थंडी फारशी नसते. हेल्मेटच्या कवचाखाली थर्माकोलसारखा जाड थर असतो. तो आघात शोषण्यासाठी असला, तरी उष्णता धरून ठेवण्याचे कामही तो उत्तम करतो. वारा शिरतो तो वरच्या हवेच्या झरोक्यांतून कपाळावर, हनुवटीखालच्या उघड्या भागातून जबड्यावर, आणि जॅकेटची कॉलर व हेल्मेटची खालची कड यांच्यामधल्या दोन-तीन बोटांच्या फटीतून गळ्यावर आणि मानेवर. यांतली शेवटची फट सर्वांत त्रासदायक असते, कारण तिथून शिरलेला वारा कॉलरमधून छातीपर्यंत उतरतो.

अर्धे हेल्मेट वापरत असाल तर गाल, नाक आणि हनुवटी पूर्ण उघडी असतात आणि पुढे सांगितलेल्या वस्तूंवरचा भार फार वाढतो. पहाटेचा प्रवास रोजचा असेल, तर बालाक्लावावर खर्च करण्याआधी आयएसआय चिन्हाचे, आयएस ४१५१ मानकाचे पूर्ण हेल्मेट घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. सुरक्षिततेचा मुद्दा तर आहेच, शिवाय थंडीचा निम्मा प्रश्न तेच सोडवते.

एका पहाटे नेहमीच्या रस्त्याने जाऊन, थांबल्यावर बोटांनी चेहरा आणि मान चाचपा. सर्वांत गार लागणारी जागा हीच तुमची गरज आहे.

२. गरजेनुसार वस्तू ठरवा

लायनर किंवा स्कल कॅप ही केवळ डोके आणि कानांचा वरचा भाग झाकणारी पातळ टोपी असते. घाम टिपणे, हेल्मेटचे अस्तर स्वच्छ ठेवणे आणि झरोक्यातून कपाळावर येणारी झुळूक अडवणे एवढेच तिचे काम आहे. नाशिक शहरातल्या शहरात, पंधरा-वीस मिनिटांच्या प्रवासाला पूर्ण हेल्मेटबरोबर ती बहुधा पुरते.

बालाक्लावा डोके, कान, गाल, हनुवटी आणि गळ्याचा काही भाग अखंड झाकतो. अर्ध्या तासाहून अधिक काळ महामार्गाच्या वेगाने जाणाऱ्यांसाठी तो योग्य आहे. त्यात डोळ्यांपुरतीच फट असलेला, पूर्ण चेहरा मोकळा ठेवता येणारा, आणि नाकावरचा भाग खाली ओढता येणारा असे प्रकार मिळतात. माझी पसंती तिसऱ्याला आहे, कारण श्वासाची वाफ काचेवर चढू लागली की थांबून हेल्मेट काढल्यावाचून नाक मोकळे करता येते.

नेक गेटर ही दोन्ही बाजूंनी उघडी, नळीसारखी पट्टी असते. ती गळ्यात घालून हवी तेवढी वर ओढता येते. हेल्मेट आणि कॉलरमधली फट बंद करण्यासाठी हिच्याइतकी सोयीची वस्तू नाही, आणि ती हेल्मेटच्या आत फारशी जात नसल्यामुळे जाड असली तरी चालते.

घराघरांत असलेली लोकरीची माकडटोपी शेकोटीजवळ उत्तम आहे, हेल्मेटखाली मात्र ती घालू नये. तिची वीण जाड असते, कपाळाजवळची घडी दुहेरी असते, आणि विणीच्या छिद्रांतून वारा सहज आत येतो. मफलर, रुमाल किंवा स्टोल गुंडाळण्याची सवयही सोडावी. गाठ मानेमागे हेल्मेटच्या कडेला टेकते आणि हेल्मेट पुढे ढकलते. सुटलेले टोक वाऱ्याने फडफडत मागच्या चाकात किंवा साखळीत अडकले, तर गळ्याला फास बसून जीवघेणा अपघात होऊ शकतो. गेटरला टोकच नसते, आणि केवळ या कारणासाठी मी तो स्टोलपेक्षा कितीतरी वरचा मानतो.

३. कापडाची जाडी मोजा

ही पायरी कोणीच करत नाही, आणि सर्वांत जास्त परिणाम हिचाच होतो.

आपल्याकडच्या हेल्मेटवर आकार मिलिमीटरमध्ये छापलेला असतो: मध्यम आकाराला बहुतेक ५८० आणि मोठ्याला ६००. दोन आकारांमधले अंतर साधारण २० मिलिमीटरचे असते. आता डोक्याभोवती कापडाचा थर चढवला की घेर किती वाढतो? जाडीच्या सुमारे सहा पट. एक मिलिमीटर जाडीचे कापड घेरात सहा मिलिमीटरची भर घालते. फ्लीस, म्हणजे लोकरीसारखे फुगीर कृत्रिम कापड, तीन मिलिमीटर जाडीचे असेल तर जवळजवळ एकोणीस मिलिमीटरची भर घालते, म्हणजे तुमचे डोके एका आकाराने मोठे होते आणि हेल्मेट तेवढेच राहते.

दाबले गेल्याने फ्लीस थोडे बसते हे खरे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. पहिल्या काही दिवसांत हेल्मेट कपाळ आणि कानशिलांवर दाबते, अर्ध्या-पाऊण तासात डोके ठणकू लागते आणि लक्ष रस्त्यावरून उडते. जाड कापडासह ते डोक्यावर पूर्ण खाली बसतही नाही, त्यामुळे कपाळाचा भाग उघडा राहतो. काही आठवड्यांनी हेल्मेटचे अस्तर त्या जाडीने दबून सैल पडते, आणि उन्हाळ्यात लायनर काढल्यावर तेच हेल्मेट डोक्यावर हलू लागते. शिवाय फ्लीसची ऊब त्याच्या तंतूंत अडकलेल्या हवेची असते. हेल्मेटखाली दाबल्यावर ती हवा निघून जाते आणि ज्या उबेसाठी जाडी पत्करली तीच हाती लागत नाही.

जाडी मोजण्यासाठी कापड असे दुमडा की एकावर एक आठ थर होतील, त्यावर एक वही ठेवून हलका दाब द्या आणि फूटपट्टीने एकूण उंची मोजा. तिला आठने भागा. उंची आठ मिलिमीटर आली तर कापड एक मिलिमीटरचे आहे. हेल्मेटच्या आत जाणारा भाग एक मिलिमीटरच्या आसपास असावा, दीडच्या वर जाऊ नये. पाकिटावर लिहिलेला जीएसएमचा आकडा म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन असते. त्यावरून अंदाज येतो, जाडी मात्र कळत नाही. घट्ट विणलेले लायक्रा आणि फुगीर फ्लीस सारख्याच वजनाचे असूनही जाडीत दुपटीहून अधिक फरक असू शकतो.

याच वेळी शिवण तपासा. कपाळाच्या मध्यावर, डोक्याच्या शेंड्यावर किंवा कानाच्या वर उंच, गोल शिवण असेल तर हेल्मेटखाली ती तिथे रुतते. बोटाने फिरवून पाहिल्यास सपाट शिवण जवळपास जाणवत नाही. डोक्यावरची शिवण दोन्ही बाजूंना सरकवलेली असेल तर उत्तम.

४. कापड निवडा

हेल्मेटच्या आतल्या भागासाठी पॉलिएस्टर आणि लायक्राचे मिश्र, ताणले जाणारे कापड बहुतेकांना पुरते. ते घाम पसरवते आणि लवकर वाळते. सुती होजिअरी सुरुवातीला मऊ वाटते, पण घाम आणि श्वासातला ओलावा धरून ठेवते, आणि ओले सुती कापड वाऱ्यात अंगाला गार फडक्यासारखे चिकटते. मेरिनो लोकर ओलसर झाली तरी ऊब देते आणि तिला वास कमी लागतो. ती महाग असते, पण ज्यांना कपाळावर कृत्रिम धाग्याने खाज सुटते त्यांनी तिचा विचार करावा. नाशिकला शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये किंवा मेन रोडला मिळणाऱ्या लोकरी टोप्या बहुतांश ॲक्रिलिकच्या असतात. त्यांना मेरिनो समजून घेऊ नये, लेबल वाचावे.

गळ्यासाठी मात्र निकष उलटा आहे. तिथे वारा अडला पाहिजे. साधे फ्लीस स्थिर हवेत उबदार असते, परंतु ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात ते चाळणीसारखे वागते. परीक्षा सोपी आहे: कापड ओठांवर धरून जोरात फुंका आणि पलीकडे तळहात ठेवा. हाताला फुंकर स्पष्ट लागली तर ते गळ्याच्या कामाचे नाही. पुढच्या बाजूला वारारोधक थर आणि मागे साधे ताणले जाणारे कापड अशी जोडणी मिळाली तर ती घ्यावी, कारण मानेमागे कापड लवचीक राहिले तर डोके वळवताना अडत नाही.

५. नाका-तोंडासमोर श्वास कोंडू देऊ नका

हिवाळ्यात हेल्मेटच्या काचेवर वाफ धरणे ही केवळ गैरसोय नाही. निफाड रस्त्यावरच्या धुक्यात उसाने भरलेल्या, मागचे दिवे नसलेल्या ट्रॉलीमागे येत असताना दोन सेकंद न दिसणे फार महागात पडते. म्हणून या पायरीला मी उबेपेक्षा वरचे स्थान देतो.

कारण असे आहे. नाकातून बाहेर येणारी हवा शरीराच्या तापमानाजवळची आणि ओलाव्याने भरलेली असते. बाहेर ६ अंश असताना काच जवळपास तेवढीच गार असते, आणि त्या गार पृष्ठभागाला टेकताच ओलाव्याचे बारीक थेंब होतात. नाका-तोंडावर वारारोधक कापड किंवा निओप्रीन या रबरासारख्या जाड कापडाचा मास्क घट्ट बसवला की श्वासाला पुढे जायला वाट उरत नाही. तो नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर चढतो, आधी चष्म्यावर आणि मग काचेवर. उबेसाठी घेतलेली वस्तू अशी दृष्टी घालवते.

त्यामुळे नाका-तोंडासमोरचा भाग जाळीचा, छिद्रांचा किंवा अगदी पातळ एकेरी कापडाचा असावा. ओठांवर धरून फुंकल्यावर इथे मात्र फुंकर हाताला स्पष्ट लागली पाहिजे. पूर्ण हेल्मेट असेल तर हनुवटीसमोरचे कवच वारा अडवतेच, तेव्हा नाक उघडे आणि ओठांपर्यंतच कापड ही मांडणी बहुतेकांना पुरेशी ठरते. हेल्मेटला नाकाजवळ बसणारी श्वासरोधक पट्टी लावता येत असेल तर लावावी. ती श्वास खाली वळवते. पिनलॉक नावाने मिळणारी आतली दुसरी काच वाफेवर सर्वांत खात्रीचा उपाय आहे, पण ती बसवण्यासाठी मूळ काचेवर दोन्ही बाजूंना पिना असाव्या लागतात, तेव्हा आधी आपली काच पाहून घ्यावी.

निओप्रीनच्या मास्कचा आणखी एक दोष आहे. त्याचा चिकटपट्टीचा जोड बरोबर डोक्याच्या मागे, हेल्मेटच्या अस्तराखाली येतो आणि तासाभरात तिथे दुखू लागते.

चष्मा असल्यास क्रम असा ठेवा: आधी बालाक्लावा, मग हेल्मेट, आणि शेवटी काच वर करून चष्म्याच्या काड्या कापड व अस्तराच्या मधून सरळ सरकवा. काड्या सरळ आणि बारीक असतील तर हे सहज होते. टोकाला जास्त वळलेल्या काड्या कापडात अडकतात. बालाक्लावाच्या आतून चष्मा घातला तर नाकावरचे कापड चष्म्याला खालून उचलून धरते आणि वाफ थेट आत जाते.

६. विकत घेण्यापूर्वी आणि पहिल्या दिवशी घालून पाहा

दुकानात कापड डोक्यावर चढवून त्यावर आपले हेल्मेट घाला, पट्टा बांधा आणि या चार गोष्टी पाहा.

पहिली, हनुवटीसमोरचा भाग हाताने धरून हेल्मेट डावीकडे-उजवीकडे हलवा. गालांची त्वचा हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. त्वचा जागीच राहून हेल्मेट कापडावरून घसरत असेल, तर कापड फार गुळगुळीत आहे किंवा हेल्मेट आधीच सैल आहे. दुसरी, हेल्मेटच्या मागच्या कडेला हात लावून ते पुढे-वर ढकला. पट्टा बांधलेला असताना ते निघू लागले तर ती जोडणी सोडून द्या. तिसरी, आरसा पाहावा तशी मान झटकन दोन्हीकडे वळवा. डोळ्यांची फट डोक्याबरोबर वळली नाही आणि कापडाची कड नजरेत आली, तर तो बालाक्लावा कितीही उबदार असो, घेऊ नका. फ्री साईज म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये हा दोष वारंवार दिसतो. चौथी, खिडकीतून बाहेर पाहत मोठा श्वास घ्या. कापड नाकपुड्यांना आत चिकटत असेल तर चढावर किंवा सर्दीत गुदमरायला होईल.

घरी आल्यावर हेल्मेटसह अर्धा तास बसा आणि काढल्यावर कपाळ पाहा. सर्वत्र सारखी फिकट खूण चालते. एकाच जागी गडद लाल पट्टा दिसला तर तिथे शिवण किंवा घडी दाबते आहे, आणि दोन तासांच्या प्रवासात तीच डोकेदुखी होईल.

७. घालण्याचा क्रम

गेटर प्रथम गळ्यात घालून खाली दुमडून ठेवा. नंतर बालाक्लावा घाला, त्याची खालची कड गेटरच्या खालून जॅकेटच्या आत सोडा आणि कपाळावरच्या सुरकुत्या बोटांनी मागे सारा. मग हेल्मेट घालून पट्टा बांधा. पट्टा आणि हनुवटी यांच्यामध्ये बालाक्लावाचा पातळ थर चालेल, गेटरची जाड घडी चालणार नाही. जाड कापडावर घट्ट वाटलेला पट्टा कापड दबल्यावर सैल होतो. पट्ट्याखाली दोन बोटे जेमतेम शिरावीत. त्यानंतर गेटर वर ओढून पट्ट्याच्या बाहेरून हेल्मेटच्या खालच्या कडेपर्यंत आणा, आणि सर्वांत शेवटी जॅकेटची चेन गेटरवरून पूर्ण बंद करा. गेटर कॉलरच्या बाहेर राहिला तर वारा त्याला खालून उचलतो.

८. एक उदाहरण: निफाड ते नाशिक, सकाळची पाळी

माझी भाची निफाडहून नाशिकच्या एका रुग्णालयात सकाळी सातच्या पाळीला मोटारसायकलने येते. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, वेग साधारण साठ, चष्मा आहे आणि केस लांब. ती आधी हेल्मेटखाली फ्लीसचा जाड बालाक्लावा आणि गळ्याला स्टोल वापरत असे. तिची तक्रार अशी होती: ओझर ओलांडेपर्यंत डोके ठणकते, काच अर्धी उघडी ठेवावी लागते, आणि एवढे घालूनही गळा गारच राहतो.

आम्ही मोजमाप घेतले. भुवयांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्यावरून डोक्याचा घेर ५६८ मिलिमीटर आला. हेल्मेट ५८० चे. म्हणजे हाताशी बारा मिलिमीटर. फ्लीसची जाडी अडीच मिलिमीटर भरली, म्हणजे घेरात सुमारे सोळाची भर. शिवाय अंबाडा हेल्मेटच्या आत येत असल्याने मागून डोके पुढे ढकलले जात होते. डोकेदुखीचे कारण तिथेच उघड झाले. छापील आकार आणि आतली खरी जागा तंतोतंत जुळत नाही, कारण अस्तर दबते. तरी इतका फरक असेल तर हिशेब चुकत नाही.

बदल तीन केले. फ्लीसच्या जागी एक मिलिमीटर जाडीचा, नाकावरचा भाग खाली ओढता येणारा आणि तोंडासमोर जाळी असलेला लायक्रा-पॉलिएस्टरचा बालाक्लावा आला; त्याची भर सहा मिलिमीटरची, म्हणजे उपलब्ध जागेच्या निम्मी. अंबाड्याऐवजी मानेजवळ सैल वेणी घालून ती जॅकेटच्या आत सोडायचे ठरले. आणि स्टोल जाऊन पुढून वारारोधक असलेला गेटर आला. नाक उघडे ठेवून, वरचा झरोका अर्धा आणि काच पहिल्या खाचेवर ठेवली की वाफ टिकत नाही. “मामा, कपडा निम्मा झाला आणि थंडी कमी झाली,” असे तिने सांगितले, आणि ते अपेक्षितच होते. तिला गारठा डोक्यावरून लागतच नव्हता, तो गळ्यातून आत जात होता.

हेच मोजमाप ५७८ आले असते, तर मी तिला बालाक्लावा सुचवलाच नसता. हेल्मेटच्या आत काहीही न घालता फक्त गेटर जबड्यापर्यंत ओढायला सांगितले असते, किंवा हिवाळ्यापुरते हेल्मेटचे गालाचे अस्तर बदलून मिळते का ते पाहायला सांगितले असते.

९. उत्तरेकडे, शून्याखाली जाणार असाल तर

नाशिकहून स्पिती किंवा लडाखला जाणारे अनेक आहेत. तिथल्या खिंडींत श्वासातला ओलावा तोंडासमोरच्या कापडातच गोठतो आणि कापड ताठ होते. त्यावर उपाय एकच: बदली कापड जवळ, जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावे आणि थांब्यावर बदलावे. नाकावर कापड नको हा नियमही तिथे शिथिल करावा लागतो. उघडे नाक पांढरे पडून बधिर झाले तर ती हिमदंशाची सुरुवात असू शकते आणि ताबडतोब आडोशाला थांबून ते उबदार हाताने झाकावे, चोळू नये. हेल्मेटच्या आतली जाडी मात्र तिथेही वाढवू नये. वाढवायचेच असेल तर गळ्याला दुसरा गेटर घालावा.

१०. धुणे आणि बदलणे

दोन बालाक्लावा आलटून पालटून वापरा. रोजचा कोमट पाण्यात, सौम्य साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. कपडे मऊ करणारे द्रावण घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम पसरवण्याची त्यांची क्षमता घटते. वारारोधक गेटर पिळू नये, दाबून पाणी काढावे.

बालाक्लावाची फट मान वळवल्यावर भुवईखाली उतरू लागली, किंवा डोक्यावर घातल्यावर कापड कानामागे सुटे राहू लागले, तर लायक्राचा ताण संपला आहे. मग तो हेल्मेटखाली घालू नका. पुसणी म्हणून ठेवा आणि नवा आणताना पुन्हा आठ थर करून जाडी मोजा, कारण त्याच नावाच्या आणि त्याच दुकानातल्या वस्तूचे कापड पुढच्या हिवाळ्यात तेच असेल असे नाही.